डबलचा वाढदिवस: रात्री बाराच्या एका मेसेजचं प्रकरण

मी नागपुरात महालात डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, वास्तुपूजनाची निमंत्रणं, तेरवीचे कार्ड आणि वर्षभर वाढदिवसाचे फ्लेक्स. गिऱ्हाईक येतं, फोटो देतं आणि म्हणतं, "मॅटर तुम्हीच टाका." मग मी टाकतो. उदंड आयुष्य, यशाची शिखरं, कर्तृत्वाचा सूर्य. या ओळी मला इतक्या पाठ आहेत की की-बोर्डकडे न पाहता त्या उतरतात. त्या वाईट आहेत असं मी मानत नाही. चौकात दहा फुटांवरून वाचायच्या मजकुराला त्या शोभतात. पण माझ्या सगळ्यात जवळच्या दोस्ताला मी त्याच ओळी पाठवल्या होत्या, आणि ते त्याच्या लक्षात आलं होतं. दुसऱ्या वर्षी मी काय केलं, ते सगळं इथे मांडतो. चार ओळींच्या मेसेजला मला तीन संध्याकाळी लागल्या.

दोस्ताला आम्ही डबल म्हणतो. कॉलेजात असताना तर्री पोह्याच्या ठेल्यावर तो पहिला घास घ्यायच्या आधीच "भाऊ, तर्री डबल" म्हणायचा. नाव तिथून पडलं. आज तो मालगाडीचा लोको पायलट आहे, अजनीच्या लॉबीतून साइन ऑन करतो, म्हणजे तिथे हजेरी लावून ड्युटीवर चढतो. त्याला डबल म्हणणारे आता आम्ही चौघंच उरलो आहोत. बाकी सगळ्यांसाठी तो साहेब, भाऊ किंवा त्याच्या पोरीचा बाबा.

आधीच्या वर्षी काय झालं

त्या वर्षी मी पहिला होतो. अकरा सत्तावन्नपासून फोन हातात धरून बसलो होतो. एका ग्रुपवर आलेला छान सजवलेला मजकूर मी कॉपी केला, वर त्याचं नाव टाकलं आणि बाराच्या ठोक्याला पाठवून दिला. त्याचं उत्तर आलं: हात जोडलेलं चित्र आणि 'थँक्यू भाऊ'. त्याने मला कधी भाऊ म्हटलेलं नाही. आमच्यात 'अबे'च्या खाली गोष्ट सुरू होत नाही.

पुढे उन्हाळ्यात फुटाळ्याच्या काठावर बसलो असताना तो सहज बोलून गेला, "तुझा मेसेज मला त्या रात्री तिघांकडून आला बे. तुझा पहिले आला, एवढंच." रागाने नव्हता म्हणाला. पण ते वाक्य माझ्या डोक्यात रुतून बसलं. पहिलं येण्यासाठी मी तीन मिनिटं घड्याळ पाहिलं होतं, आणि त्याच्याबद्दल तीन सेकंदही विचार केला नव्हता.

त्याला कळलं कसं, हे मी नंतर तपासलं. मजकूर तिघांकडून आला नसता तरी त्याला कळलंच असतं. कॉपी केलेल्या मजकुरावर व्हॉट्सअॅप काही लिहीत नाही. दुसऱ्याचा मेसेज पुढे ढकलला तर वर `Forwarded` दिसतं, कॉपी करून चिकटवला तर दिसत नाही. म्हणून माणसाला वाटतं की आपण सुटलो. पण बोलण्याची पातळी सुटू देत नाही. त्या मजकुरात 'आपणांस उदंड आयुष्य लाभो' होतं. मी डबलला जन्मात कधी 'आपण' म्हटलेलं नाही. शिवाय प्रत्येक ओळीच्या दोन्ही बाजूंना तारे होते, म्हणजे ओळ ठळक दिसावी म्हणून कोणीतरी टाकलेली चिन्हं. एका ठिकाणी एक तारा सुटला होता, म्हणून तो तसाच उघडा दिसत होता. माझ्या धंद्यात असं प्रूफ मी गिऱ्हाइकाला दाखवतसुद्धा नाही.

आणि सगळ्यात मोठी खूण म्हणजे त्या मजकुरातून त्याचं नाव काढून दुसऱ्या कोणाचंही टाकलं असतं तरी काही अडलं नसतं. माझ्या साल्याला चाललं असतं, वॉर्डातल्या नेत्याला चाललं असतं. फ्लेक्सचं मॅटर असंच असावं लागतं, कारण ते रोज नव्या माणसाला लागतं. दोस्ताच्या मेसेजमध्ये मात्र तोच त्याचा दोष ठरतो.

बारा वाजता म्हणजे नेमकं केव्हा

या वर्षी त्याचा वाढदिवस शुक्रवारी होता. म्हणजे मेसेज गुरुवारी रात्री. गुरुवारी संध्याकाळी त्याने सांगितलं, "रात्री दहाचं साइन ऑन आहे, आमल्याला चाललो." मालगाडीवाल्यांना ड्युटीचा कॉल साधारण दोन तास आधी येतो, त्यामुळे आधी काही ठरवता येत नाही. बारा वाजता तो काटोल-नरखेडच्या मधे कुठेतरी असणार होता आणि फोन बंद असणार होता. गाडी चालवताना लोको पायलटला फोन बंद ठेवावाच लागतो.

तेव्हा मला पहिला प्रश्न पडला की मग बाराला पाठवून उपयोग काय? तो तर पहाटे आमल्याच्या रनिंग रूममध्ये, म्हणजे गाडीवाल्यांच्या विश्रांतीच्या खोलीत, पोचल्यावर वाचणार. यावर मी बराच विचार केला, आणि त्यातून पहिलं येण्याबद्दलचा माझा समजच बदलला.

फोन बंद असेल तर मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर थांबून राहतो. पाठवणाऱ्याला एकच टिक दिसते. फोन सुरू होऊन नेट लागलं की सगळे साचलेले मेसेज एकदम उतरतात आणि टिका दोन होतात. पण मेसेजवर वेळ लागते ती पाठवल्याची. पहाटे पाचला उतरला तरी त्याच्या खाली `12:00 AM` असंच दिसतं. म्हणजे बाराचं बारा राहतं, ते वाया जात नाही.

दुसरी गोष्ट, ही वेळ फक्त तास आणि मिनिटात दिसते. सेकंद दिसत नाहीत. बारा वाजून दोन सेकंदांनी पाठवा की छप्पन्न सेकंदांनी, वाचणाऱ्याला `12:00 AM` एवढंच दिसतं. आधीच्या वर्षी मी ज्या सेकंदांसाठी श्वास रोखून बसलो होतो, ते सेकंद त्याला कधी दिसलेच नव्हते. उलट घाईत बोट आधी पडलं तर `11:59 PM` उमटतं आणि ते मात्र कायमचं राहतं. काही घरांत वाढदिवसाच्या आधी शुभेच्छा दिलेल्या चालत नाहीत, डबलच्या आईला तर अजिबात नाही. म्हणून मी ठरवलं की मिनिट बदललेलं डोळ्यांनी पाहायचं, मग एक श्वास घ्यायचा आणि मग पाठवायचं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. व्हॉट्सअॅपच्या यादीत सर्वांत ताजा मेसेज सर्वांत वर असतो. म्हणजे जो पहिला पाठवतो, त्याचं नाव बाकीच्यांच्या खाली जातं. बाराला पाठवलेल्या माणसावर साडेबारापर्यंत वीस जण चढतात. रात्रभर फोन बंद असलेल्या माणसाच्या बाबतीत तर हे नक्कीच होणार. पहाटे तो फोन उघडेल तेव्हा माझा मेसेज यादीत सर्वांत खाली असेल, आणि वर अडीचला जागं झालेल्या कोणाचा तरी.

मग पहिलं येण्यात काय उरलं? माझ्या मते एकच गोष्ट उरते. आमच्या दोघांच्या चॅटमध्ये नव्या तारखेची पट्टी येते, आणि तिच्याखालची पहिली ओळ माझी असते. ती स्पर्धा कोणाशीच नाही. त्याने कधीही वर सरकवून पाहिलं तरी त्या दिवसाची सुरुवात त्या ओळीने झालेली दिसेल. मला तेवढं पुरेसं वाटलं. इतरांच्या आधी आलो का, हा हिशोब मी तिथेच सोडला. घरी असता तर बाराला त्याची बायको आणि पोरगी केक घेऊन उभ्या राहिल्या असत्या. पहिला मान त्यांचाच आहे, आणि तो असलाच पाहिजे. म्हणूनच बाराला मी फोन कधीच करत नाही. मेसेज गुपचूप येऊन थांबतो, फोन मधे घुसतो.

पहिला कच्चा खर्डा

सोमवारी संध्याकाळी दुकान बंद करायच्या आधी मी पहिला खर्डा लिहिला. व्हॉट्सअॅपच्या स्वतःला पाठवायच्या चॅटमध्ये लिहिला. मुद्दाम डबलच्या चॅटमध्ये लिहिला नाही, कारण तिथे बोट चुकलं की सोमवारीच वाढदिवस साजरा झाला असता.

"प्रिय मित्रा, तुझ्यासारखा दोस्त मिळायला भाग्य लागतं. आयुष्याच्या प्रत्येक वळणावर तू सोबत होतास. तुझी सर्व स्वप्नं पूर्ण होवोत. वाढदिवसाच्या मनःपूर्वक शुभेच्छा."

कॉपी केलेलं नव्हतं. प्रत्येक अक्षर माझं होतं. तरीही वाचल्यावर लक्षात आलं की हे आधीच्या वर्षीचंच आहे, फक्त या वेळी फ्लेक्स मी स्वतः लिहिला होता. हे मला नीट सांगायचं आहे, कारण इथे पुष्कळ जण फसतात. स्वतः लिहिलं म्हणजे आपलं झालं असं नाही. 'प्रत्येक वळणावर सोबत' ही ओळ खरी होती, पण ते वळण कोणतं हे मी सांगितलं नव्हतं. 'होतास' हे रूपही माझं नव्हतं. आम्ही नागपुरात 'तू होता' म्हणतो. 'होतास' म्हटलं की मी पत्रिकेतला माणूस होतो.

मग मी उलट्या टोकाला गेलो. सगळं गावाकडच्या वऱ्हाडीत लिहून पाहिलं, 'तुले', 'मले', 'कायले' घालून. तेही मोडीत काढलं. डबल आणि मी शहरातली पोरं, आमची आई आमच्याशी तसं बोलते, आम्ही एकमेकांशी नाही. बोलीचा मसाला वरून टाकला की तोही उसना वाटतो. शेवटी मी आमचं जुनं चॅट उघडलं आणि महिनाभरातल्या माझ्या स्वतःच्या ओळी वाचल्या. 'काहून बे', 'पोचला का', 'येऊन राहिलो', 'उतरला की सांग'. माझा आवाज तिथे तयारच होता. त्याच आवाजात लिहायचं होतं, त्याहून शुद्ध नाही आणि त्याहून गावरानही नाही.

दुसरा खर्डा, जो बायकोने थांबवला

मंगळवारी मी वळण कोणतं ते लिहायला बसलो. दोन वर्षांपूर्वी माझे वडील अकरा रात्री दवाखान्यात होते. डबल त्या काळात ड्युटीवरून साइन ऑफ करून सरळ वॉर्डाबाहेर यायचा. घरी जायच्या आधी. हातात बायकोने दिलेला डबा, अंगावर इंजिनाचा वास. मला म्हणायचा, "तू दोन तास पड, मी बसून राहतो." बाकावर तो बसायचा आणि मी खाली सतरंजीवर झोपायचो. वडील बरे होऊन घरी आले. या गोष्टीबद्दल मी त्याला एकदाही काही म्हटलं नव्हतं. आमच्यात तसं म्हणत नाहीत.

ते सगळं मी लिहिलं. लिहिता लिहिता आधीच्या वर्षीच्या कॉपीबद्दल माफी मागितली. फुटाळ्यावरचं त्याचं वाक्यही टाकलं. चौदा ओळी झाल्या. डोळे भरून आले आणि मला वाटलं की जमलं.

बायकोला वाचायला दिलं. तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "अहो, हे त्यांच्या वाढदिवसाचं नाही. हे तुमचं आहे. रात्रभर गाडी चालवून आलेला माणूस पहाटे पाचला हे वाचणार, आणि मग तुम्हाला समजावत बसणार."

तिचं बरोबर होतं. चौदा ओळींत 'मी' सोळा वेळा आला होता, मी मोजलं. माफी मागितली की समोरच्याला 'अबे जाऊ दे' म्हणावंच लागतं, म्हणजे त्याच्या वाढदिवशी काम त्याच्याच गळ्यात. माफी खरी असेल तर ती या वर्षी नीट लिहिण्यातच आहे, तिचा वेगळा उल्लेख कशाला? तो भाग पूर्ण गेला. दवाखान्याचं राहिलं, पण चौदा ओळींतून एकच वाक्य वाचवायचं ठरलं.

ते वाक्य कसं लिहायचं, हे डबलनेच मला आठवडाभर आधी नकळत दिलं होतं. बैतूलच्या पुढे धाराखोह ते मरामझिरी असा घाट आहे. तिथल्या चढावर जड मालगाडीला मागून जादा इंजिनं लावतात, त्यांना बँकर म्हणतात. पुढचं इंजिन ओढतं, बँकर मागून ढकलतो. डबल सांगत होता, "मागे बँकर चांगला असला ना, तर पुढे बसलेल्याला चढ कमी वाटतो बे." तो गाडीबद्दल बोलून राहिला होता. मला ऐकताना दवाखान्याचा बाक दिसला होता.

असं वाक्य शोधून मिळत नाही, पण मागे जाऊन ऐकता येतं. त्याने मागच्या महिनाभरात मला काय काय सांगितलं, याची मी बुधवारी एका कागदावर यादी केली. बँकर. पोरीच्या शाळेचं गॅदरिंग, जे सलग दोन वर्षं ड्युटीमुळे चुकलं. मालगाडीवरून पॅसेंजरवर बढती, जी अडकून पडली आहे. गुडघा. रनिंग रूममधली डाळ. या यादीतल्या प्रत्येक गोष्टीला 'नाव बदलून चालेल का' ही कसोटी लावायची गरजच नव्हती. त्या दुसऱ्या कोणाच्या असूच शकत नव्हत्या.

यातली बढती मी सोडली. आधी ती शुभेच्छा म्हणून फार आवडली होती: यंदा पॅसेंजर मिळू दे. मग वाटलं, ती त्याच्या हातात नाही, माझ्याही नाही, आणि तिच्यावरून घरी रोज बोलणं होतं. वाढदिवशी दुखऱ्या जागेवर प्रेमाने ठेवलेलं बोटसुद्धा बोटच असतं. गॅदरिंग मात्र वेगळं. त्याबद्दल तो स्वतः हसून सांगतो, पोरगी कोणता नाच करणार ते सांगतो. जानेवारीत आहे, रजा टाकता येते. त्या शुभेच्छेचा त्याला उपयोग होता.

ओळींचा क्रम

आता शब्द होते, क्रम लावायचा होता. इथे पत्रिकेच्या धंद्याचा मला फायदा झाला, कारण पत्रिकेतही पहिली ओळ कोण वाचणार हे आधी पाहावं लागतं.

फोन लॉक असताना पडद्यावर मेसेजची फक्त सुरुवात दिसते. रनिंग रूममध्ये शेजारच्या खाटेवर दुसरा गडी असतो, फोन चार्जिंगला लावलेला असतो. दवाखाना, वडील, अकरा रात्री, हे त्या पडद्यावर दिसायला नको होतं. म्हणून पहिली ओळ अशी हवी होती की जी उघडी दिसली तरी चालेल, पण वाचताच त्याला कळेल की ही दुसऱ्या कोणाची नाही. 'डबल' या एका शब्दाने ते काम केलं. त्यानंतर 'बारा वाजले', म्हणजे वेळेवर आठवण होती हे सांगून झालं. आणि 'तू इंजिनात असशील', म्हणजे तो या क्षणी कुठे आहे ते मला माहीत आहे. आधी लिहून ठेवलेल्या मेसेजमध्ये ही ओळ त्या दिवसाची असते. ती मी गुरुवारी संध्याकाळी, त्याचा कॉल कळल्यावर बदलली. बुधवारपर्यंत तिथे 'केक कापून झाला का' होतं. तेच गेलं असतं तर सगळ्यावर पाणी फिरलं असतं. लिहून ठेवणं चांगलं, पण पाठवायच्या आधी पहिली ओळ त्या रात्रीच्या परिस्थितीशी ताडून पाहावीच लागते.

'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' की 'हॅपी बड्डे' यावर मी थोडा अडलो. माझं पोट मराठी अक्षरांवर चालतं, त्यामुळे पहिलं लिहावं असं वाटत होतं. पण समोरासमोर भेटलो असतो तर पाठीवर थाप मारून मी 'हॅपी बड्डे बे' म्हटलं असतं. तेच लिहिलं. ते सुरुवातीला न लिहिता मधे ठेवलं, कारण त्या रात्री प्रत्येक मेसेजची सुरुवात त्यानेच होणार होती.

शेवटी त्याला उत्तरातून मोकळं करायचं होतं. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला चाळीस जणांना थँक्यू लिहायचं असतं. त्यात माझी भर नको. पण नुसतं 'उत्तर नको' रूक्ष वाटतं, म्हणून पुढे भेटीचा दिवस टाकला. रविवार त्याची सुट्टी होती, ते आधी विचारून घेतलं होतं.

सगळं एकाच मेसेजमध्ये ठेवलं, तुकडे केले नाहीत. चार तुकडे पाठवले तर यादीत शेवटचा तुकडा दिसतो आणि पडद्यावर चार सूचना येतात. गुरुवारी रात्री बारा वाजून अर्धं मिनिट झालं असेल तेव्हा हा मेसेज गेला:

> डबल, बारा वाजले. तू इंजिनात असशील, उतरला की वाच.
>
> त्या दिवशी तू घाटातल्या बँकरचं सांगितलं. बाबांच्या त्या अकरा रात्री तू तसाच मागून लागून होता, मला चढ कळलाच नाही.
>
> हॅपी बड्डे बे. यंदा पोरीच्या गॅदरिंगला तू खुर्चीत बसलेला दिसू दे, एवढंच मागतो.
>
> उत्तर नको टाकू, झोप. रविवारी पोहे. तरी डबल.

शेवटचे दोन शब्द पाहा. 'तर्री' लिहिलं होतं, पण गुरुवारी पहिली ओळ बदलताना शेवटी पुन्हा हात फिरवला आणि की-बोर्डने 'तरी' केलं. पाठवल्यावर मला दिसलं. रोज प्रूफ तपासणारा मी, आणि चूक नेमकी त्या एका शब्दात जिथून त्याचं नाव पडलं. क्षणभर पुसून टाकावासा वाटला. पण सगळ्यांसाठी पुसला की जागेवर `This message was deleted` राहतं. पहाटे दमलेल्या माणसाला वाढदिवसाच्या तारखेखाली पहिली ओळ तीच दिसली असती. ते नको होतं. मेसेज गेल्यापासून पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, वेळेच्या शेजारी `Edited` दिसतं, वेळ मात्र बदलत नाही. बारा वाजून तीन मिनिटांनी मी एक अक्षर दुरुस्त केलं. `Edited` दिसलं तर दिसू दे. कॉपी केलेला मजकूर कोणी दुरुस्त करत नाही.

कॉलेजच्या ग्रुपवर मी त्या रात्री काहीच टाकलं नाही. तिथे बाराला केक आणि फटाक्यांच्या चित्रांची रांग लागली होती. तिथे शुभेच्छा देणं चुकीचं नाही, पण दोन्हीकडे दिल्या असत्या तर घरातलं बोलणं चौकात नेल्यासारखं झालं असतं. सकाळी नऊला दुकान उघडल्यावर तिथेही एक ओळ टाकली, सगळ्यांसारखीच.

नंतर

रात्री मी झोपलो तेव्हा टिक एकच होती. सकाळी उठलो तेव्हा दोन होत्या, निळ्या. पाच वाजून अठरा मिनिटांनी वाचलेला दिसत होता. उत्तर नव्हतं. खरं सांगतो, 'उत्तर नको' मीच लिहिलं होतं, तरी दिवसभर काम करताना फोनकडे लक्ष जात होतं. दुपारी त्याच्या बायकोचा फोन आला, तो परतीच्या गाडीवर आहे आणि रविवारी किती वाजता विचारून राहिला आहे म्हणून. एवढंच.

रविवारी सकाळी साडेसातला कस्तुरचंद पार्कजवळच्या ठेल्यावर भेटलो. थंडी होती, तर्रीच्या भगुण्यातून वाफ निघत होती. त्याने आधी पोहे मागितले, तर्री डबल मागितली, अर्धी प्लेट संपवली. मग म्हणाला, "तुझा मेसेज शोधावा लागला बे. सगळ्यांच्या खाली होता."

मी म्हटलं, "बाराला टाकला होता."

"हव, पाहिलं." तो पोहे कालवत राहिला. "वरून खाली येत येत सगळ्यांना थँक्यू टाकून राहिलो होतो. तुझ्यापाशी आलो आणि थांबलो. मग झोपलोच नाही बराच वेळ." थोड्या वेळाने म्हणाला, "जानेवारीची रजा टाकली. लॉबीत अर्ज देऊन आलो काल."

प्लेट ठेवली, हात धुतले, आणि रुमालाला हात पुसत माझ्याकडे न पाहता म्हणाला, "पण एक चुकलं तुझं. घाट संपला की बँकर सुटतो, गाडी पुढे जाते. मी सुटलो काय बे?"

मग ठेलेवाल्याला अजून दोन प्लेट सांगितल्या.